ऑनलाइन चाचणीत लॅपटॉप का अडकतात आणि लॅबमध्ये काय बदलावे

मा. मुख्याध्यापक यांस सादर,

विषय: संगणक कक्षातील ४० लॅपटॉप ऑनलाइन चाचणीच्या वेळी अडकण्याचे कारण, तपासणीची पद्धत व उपाय.

चाचणी सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत निम्म्या पडद्यांवर चक्र फिरत राहते. कुठे प्रश्न येतो पण आकृती येत नाही, कुठे लॉगिनच होत नाही. त्याच वेळी कार्यालयातल्या संगणकावर स्पीड टेस्ट लावली तर आकडा ९० मेगाबिटच्या वर दिसतो. कंपनीचा माणूस येतो, तोही तीच टेस्ट लावतो आणि "लाइन ओके आहे" म्हणून जातो. त्याचे म्हणणे खरेच असते. कार्यालयातला संगणक केबलने जोडलेला आहे, लॅपटॉप वायफायवर आहेत, आणि अडचण राउटर ते लॅपटॉप या शेवटच्या तीस फुटांत आहे. म्हणून १०० मेगाबिटची लाइन २०० ची केली तरी चाचणीच्या दिवशी फरक पडणार नाही. तो खर्च आत्ता करू नये, हे आधीच सांगतो.

हे टिपण संगणक विषय न शिकवणाऱ्या पर्यवेक्षक शिक्षकांनाही वाचून तपासणी करता यावी, अशा रीतीने लिहिले आहे.

नेमके काय होते

वायफायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. एका राउटरवर एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एकाच वाटेवर, ४० लॅपटॉप असले, तर एकाचा डेटा चालू असताना बाकीचे ३९ गप्प थांबतात. पंगतीत पांढरा रस्सा हवा तेवढा शिजला आहे, पण चाळीस पानांना वाढपी एकच, अशी ही स्थिती. दोन लॅपटॉप एकाच क्षणी बोलले तर दोघांचाही डेटा वाया जातो आणि दोघांनाही थोडे थांबून पुन्हा पाठवावा लागतो. लॅपटॉप जितके जास्त, तितक्या या धडका जास्त.

याहून मोठे कारण सहसा लक्षात येत नाही. राउटरजवळच्या लॅपटॉपला सिग्नल चांगला मिळतो, म्हणून तो वेगाने बोलतो. मागच्या भिंतीकडच्या लॅपटॉपला सिग्नल क्षीण मिळतो, म्हणून राउटर त्याच्याशी मुद्दाम सावकाश बोलतो, नाहीतर त्याला काही कळणारच नाही. हा सावकाशपणा त्या एकट्याला भोवत नाही. तो बोलत असेपर्यंत सगळी लॅब थांबते.

हिशोब करून पाहू. चाचणीचे पान, आकृत्या धरून, ३ मेगाबाइटचे आहे असे समजा. ३ मेगाबाइट म्हणजे २४ मेगाबिट. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. साध्या लॅपटॉपचे वायफाय कार्ड २.४ गिगाहर्ट्झवर जवळून ६५ मेगाबिटने जोडले जाते, तेव्हा एका पानाला ०.३७ सेकंद लागतात. मागच्या बाकावर तोच वेग ६.५ मेगाबिटवर येतो आणि त्याच पानाला ३.७ सेकंद लागतात.

आता ३० लॅपटॉप चांगल्या जागी आणि १० मागच्या भिंतीकडे आहेत असे धरू. तीस जणांचे मिळून ११ सेकंद होतात, दहा जणांचे ३७. एकूण ४८ सेकंद, आणि त्यातला तीन चतुर्थांश वेळ फक्त मागच्या दहा जणांनी खाल्ला. हा कागदावरचा हिशोब. प्रत्येक तुकड्यामागे पोच, मधला थांबा आणि धडका धरल्या तर प्रत्यक्षात निदान दुप्पट, म्हणजे दीड मिनिटाच्या वर वेळ जातो. हीच ४० पाने १०० मेगाबिटच्या लाइनीतून राउटरपर्यंत यायला दहाच सेकंद पुरतात.

दीड मिनिट कोणता विद्यार्थी शांत बसेल? वीस सेकंदांनी तो पान रिफ्रेश करतो. त्याची निम्मी आलेली मागणी फुकट जाते आणि नवी मागणी रांगेत लागते. दहा जणांनी हे केले की दीड मिनिटाची तीन मिनिटे होतात, काही लॅपटॉपवर ब्राउझर कंटाळून चूक दाखवतो आणि पर्यवेक्षकांना वाटते इंटरनेट गेले. अशा वेळी कोणीतरी मदत म्हणून आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो. तो हॉटस्पॉट बहुधा त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे गोंगाटात आणखी एक आवाज वाढतो. हेतू चांगला, परिणाम उलटा.

आधी तपासा, मग खर्च करा

ही तपासणी सराव चाचणी घेऊन, सगळे लॅपटॉप चालू असतानाच करावी. रिकाम्या लॅबमध्ये सगळे नेहमीच ठीक दिसते. एक लॅपटॉप मागच्या बाकावर आणि एक राउटरजवळ ठेवा. दोन्हींवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरचा पत्ता काढा:

```
ipconfig
```

`Default Gateway` पुढे जो आकडा दिसेल तो राउटरचा पत्ता. तो `192.168.1.1` आहे असे धरून दोन वेगळ्या खिडक्यांत या दोन ओळी चालवा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिली ओळ राउटरला हाक मारते, दुसरी थेट गूगलच्या सर्व्हरला. थांबवायचे असेल तेव्हा `Ctrl+C` दाबा. आता सर्वांना एकदम सराव चाचणी उघडायला सांगा आणि `time=` पुढचा आकडा पाहत राहा.

राउटरचे उत्तर १ ते १० मिलिसेकंदात येत राहिले पाहिजे, कारण तो त्याच खोलीत आहे. चाचणी उघडताच तो आकडा ३००, ८०० असा चढला किंवा `Request timed out.` दिसू लागले, तर दोष वायफायचा. लाइनचा यात संबंधच नाही, कारण ही हाक शाळेबाहेर गेलेलीच नाही. राउटरचे उत्तर झटपट येते पण `8.8.8.8` चे रखडते, तर लाइन किंवा राउटरच्या पलीकडचे काही अडले आहे, आणि तेव्हाच कंपनीला फोन करण्यात अर्थ आहे. दोन्ही उत्तरे चांगली असून पान उघडत नसेल, तर चाचणी घेणाऱ्या संस्थेचा सर्व्हर दमला असण्याचा संभव मोठा. खात्रीसाठी मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहा. तिथेही रखडले, तर आपल्या हातात वेळ नोंदवून त्यांना कळवणे एवढेच उरते.

त्यानंतर प्रत्येक लॅपटॉपवर हे चालवा:

```
netsh wlan show interfaces
```

येथे तीन ओळी पाहायच्या: `Channel`, `Receive rate (Mbps)` आणि `Signal`. चॅनेल १ ते १३ च्या आत असेल तर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर आहे, ३६ किंवा त्याहून मोठा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत ही कमांड लोकेशन चालू केल्याशिवाय माहिती देत नाही. त्याला बिघाड समजू नये, सेटिंग्जमध्ये लोकेशन चालू करून पुन्हा चालवावी. आलेले आकडे लॅबच्या बाकांच्या नकाशावर लिहून काढले की मागच्या भिंतीचा प्रश्न कागदावर दिसतो. जुन्या दगडी भिंतीच्या पलीकडे राउटर असेल, तर दिसायला पंधरा फूट असूनही सिग्नल अर्ध्यावर आलेला असतो.

एकच लॅपटॉप पुन्हा पुन्हा अडकत असेल तर त्याची जागा शेजारच्याशी बदला. दोष बाकाबरोबर राहिला तर वायफाय, लॅपटॉपबरोबर गेला तर लॅपटॉप. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या यंत्रांत बहुतेकदा टास्क मॅनेजरमध्ये `Disk` १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते. त्यांना कितीही चांगले वायफाय दिले तरी उपयोग नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी.

पैसे न खर्चता आत्ता करता येणारे

सर्वांत स्वस्त उपाय वेळेचा आहे. चाळीस जणांनी एकदम `Start` दाबण्याऐवजी दहा-दहांचे चार गट करावेत आणि गटागटांत एक मिनिट अंतर ठेवावे. वरच्या हिशोबानुसार दहा जणांची पाने साधारण २५ सेकंदांत येतात, म्हणजे पुढचा गट येईपर्यंत वाट मोकळी झालेली असते. मागच्या बाकांवरचे दहा जण एकाच गटात न घेता प्रत्येक गटात दोन-तीन असे विभागावेत, नाहीतर त्या गटाला एक मिनिट पुरणार नाही. बहुतेक चाचण्यांत प्रत्येकाचे घड्याळ त्याने सुरू केल्यापासून धावते, म्हणून कोणाचा वेळ बुडत नाही. मात्र सर्वांचे घड्याळ सर्व्हरवरून एकाच वेळी सुरू होणार असेल, तर फक्त लॉगिन गटवार आणि पंधरा मिनिटे आधी उरकून घ्यावे. पान अडकले तर रिफ्रेश न करता एक मिनिट थांबायचे, हे फळ्यावर लिहून ठेवावे.

दुसरे काम राउटरच्या जागेचे. तो लोखंडी कपाटावर किंवा कोपऱ्यातल्या खिडकीत असेल तर काढून लॅबच्या मध्याजवळच्या भिंतीवर, सात-आठ फुटांवर, मध्ये काही आडवे येणार नाही असा लावावा. नुसत्या या बदलाने मागच्या बाकांचा वेग दुप्पट-तिप्पट झालेला `Receive rate` मध्ये दिसू शकतो.

तिसरे काम राउटरच्या सेटिंगचे. २.४ गिगाहर्ट्झच्या चॅनेलची रुंदी `20 MHz` ठेवावी आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो कमी गजबजलेला असेल तो निवडावा. एकमेकांवर न चढणारे चॅनेल हे तीनच आहेत. पेठेत घरांना घरे चिकटलेली, प्रत्येक घरात राउटर, त्यामुळे कोणी आपले वेगळे म्हणून ३ किंवा ४ निवडले तर दोन्ही बाजूंच्या गोंगाटात सापडतो. मोडमध्ये `11bgn mixed` असेल तर `11gn` किंवा `11n only` करावा, म्हणजे १ मेगाबिटसारखे जुने रांगते वेग बंद होतात. हे केल्यावर एखादा लांबचा लॅपटॉप जोडलाच गेला नाही तर त्याची जागा पुढे आणावी. मोड पूर्ववत करू नये.

चौथे, परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे लॅपटॉप चार्जिंगला लावून चालू करावेत आणि विंडोजचे अपडेट पूर्ण होऊ द्यावेत. महिनाभर कपाटात राहिलेला लॅपटॉप चालू होताच शेकडो मेगाबाइट ओढू लागतो आणि त्यापुढे ३ मेगाबाइटचे पान म्हणजे काहीच नाही. अपडेट झाल्यावर विंडोज अपडेटमध्ये `Pause for 1 week` दाबावे आणि त्या वायफायला `Metered connection` अशी खूण करावी.

वायफायचा पासवर्डही आदल्या दिवशी बदलावा, कारण सध्याचा तो शिक्षकांच्या आणि बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. खिशातला मोबाइल कोणी वापरत नसला तरी फोटो चढवतो, अॅप अपडेट करतो. शिवाय तो राउटरकडचा एक पत्ता अडवतो. सगळे पत्ते संपले की नव्या लॅपटॉपला `ipconfig` मध्ये `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि त्याचे इंटरनेट चालत नाही. असे दिसले तर राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी विभागात पत्त्यांची मर्यादा वाढवून २० ते २५० करावी.

कायमचा उपाय

लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झवर नेणे ही पहिली पायरी. त्यासाठी आधी प्रत्येक लॅपटॉप त्यावर चालतो का ते पाहावे लागते:

```
netsh wlan show drivers
```

`Radio types supported` च्या ओळीत `802.11a` किंवा `802.11ac` असेल तर चालतो. फक्त `802.11b 802.11g 802.11n` असेल तर तो लॅपटॉप २.४ पुरताच आहे. ही यादी करूनच खरेदी ठरवावी. नाहीतर भारी यंत्र येईल आणि निम्मे लॅपटॉप ते पाहूही शकणार नाहीत.

चाळीस लॅपटॉपना दोन ड्युअल बँड अॅक्सेस पॉइंट, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर वायफाय देणारी यंत्रे, लावावेत, प्रत्येकावर वीस लॅपटॉप. एकाला चॅनेल ३६, दुसऱ्याला १४९, दोन्हींची रुंदी `40 MHz`. एकाच खोलीत `80 MHz` ठेवून उपयोग नाही, गोंगाट मात्र अधिक रुंदीतून आत येतो. ५२ ते १४४ मधले चॅनेल टाळावेत, कारण तिथे रडारचा संकेत मिळाल्यास यंत्राला ताबडतोब चॅनेल सोडून दुसरीकडे जावे लागते आणि तेवढ्यात सगळे लॅपटॉप तुटतात. ५ गिगाहर्ट्झचे नाव वेगळे ठेवावे, जसे `LAB-5G-A` आणि `LAB-5G-B`. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले की बरेच लॅपटॉप मुकाट २.४ वर जाऊन बसतात.

हे दोन्ही अॅक्सेस पॉइंट राउटरला केबलने जोडलेले हवेत. दुकानात "रिपीटर लावा, स्वस्तात होईल" असे सांगतील. साधा रिपीटर तोच डेटा त्याच चॅनेलवर ऐकून पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतली गर्दी दुप्पट होते. सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि चाचणी पूर्वीपेक्षा जास्त अडकते. घरी एका मोबाइलसाठी ते चालेल, लॅबसाठी नाही.

असे केल्यावर हिशोब असा बदलतो: १५० मेगाबिटने जोडलेल्या लॅपटॉपला ३ मेगाबाइटच्या पानासाठी ०.१६ सेकंद, वीस जणांना सव्वातीन, दुप्पट धरून साडेसहा सेकंद. दोन्ही अॅक्सेस पॉइंट वेगळ्या चॅनेलवर असल्याने ते एकाच वेळी चालतात. आता लाइनचे दहा सेकंद हा सर्वांत मोठा आकडा ठरतो, आणि लाइनचा वेग वाढवायचा विचार तेव्हा करावा.

जे लॅपटॉप २.४ पुरतेच आहेत, त्यांना केबलने जोडावे. लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो. माझे मत विचाराल तर महत्त्वाच्या चाचणीसाठी सगळेच चाळीस केबलवर घेणे सर्वांत निर्धोक. केबलवर प्रत्येकाला स्वतःची वाट असते, कोणी कोणासाठी थांबत नाही. २४ पोर्टचे दोन गिगाबिट स्विच लागतील. पहिल्याचा एक पोर्ट राउटरला आणि एक दुसऱ्या स्विचला जातो, दुसऱ्याचा एक पहिल्याला, म्हणजे लॅपटॉपसाठी ४५ उरतात. केबल कॅट ६ घ्यावी. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, आपली खोली त्याच्या कितीतरी आत आहे. केबल बाकांच्या पायांपाशी पट्टीतून न्याव्यात. मोकळ्या सोडल्या तर पहिल्याच महिन्यात क्लिपा तुटतात आणि सैल प्लग मध्येच सुटतो, तेव्हाही लॅपटॉप अडकल्यासारखाच दिसतो.

आणखी एक बाब महावितरणची. पावसाळ्यात वीज क्षणभर जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतात, पण फायबरचा डबा आणि राउटर बंद होऊन पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटे घेतात. त्या वेळी सगळे चाळीस एकदम थांबतात. फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि अॅक्सेस पॉइंट मिळून वीज थोडीच खातात. त्यांना एक लहान यूपीएस पुरतो, आणि त्या यूपीएसवर प्रिंटर कोणी लावू नये.

मंजुरीसाठी यादी अशी: ड्युअल बँड अॅक्सेस पॉइंट २, २४ पोर्ट गिगाबिट स्विच २, कॅट ६ केबल व पट्टी खोलीच्या मापाने, यूएसबी लॅन अडॅप्टर लॅनचा पोर्ट नसलेल्या लॅपटॉपच्या संख्येइतके, लहान यूपीएस १. राजारामपुरीतून तीन दरपत्रके मागवता येतील. एकरकमी शक्य नसेल तर आधी यूपीएस, स्विच आणि मागच्या दहा बाकांच्या केबल घ्याव्यात, कारण हवेतला सर्वाधिक वेळ तेच दहा खातात. काम झाल्यावर `ping` ची तीच तपासणी चाळीस लॅपटॉप चालू ठेवून पुन्हा करावी, आणि राउटरचे उत्तर १० मिलिसेकंदांच्या आत राहिले तरच ठेकेदाराचे बिल मंजूर करावे.

आपला,
संगणक शिक्षक, संगणक कक्ष, कोल्हापूर